भाताच्या बोनसचा मंगळवार

कडावच्या शाखेचं शटर वर गेलं तेव्हा पायरीवर माणसं बसलेली होती, रस्त्यापलीकडे पानटपरीच्या सावलीत उभी होती आणि दोन टेंपोही येऊन लागले होते. संध्या बडेकर स्कूटर लावता लावता ही गर्दी बघत होती. इतकी गर्दी तिने नोटबंदीनंतर पाहिली नव्हती.

“ताई, बोनस आला,” पायरीवरून कुणीतरी ओरडलं. “परवा रातीच मेसेज पडला.”

तिला ते ठाऊक होतं. तिच्या भावाच्याही मोबाइलवर मेसेज आला होता. राज्य सरकारने भात विकणाऱ्या शेतकऱ्यांना बोनस ज्या तारखेला देऊ म्हटलं होतं, त्याच तारखेला तो खात्यांत पडला होता. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं घडलेलं तिला आठवत नव्हतं. सरकार उशीर करणारच, नेमक्या या भरवशावर शुक्रवारचा निर्णय तिने घेतला होता.

संध्या कडावचीच. वडील भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये फिटर होते आणि घरची दोन एकर भातशेती होती. कर्जतच्या कॉलेजात बी.कॉम. करून ती ‘उल्हास खोरे सहकारी बँके’त क्लार्क म्हणून लागली. बँक लहान, मुख्य कार्यालय खोपोलीला, शाखा कर्जत आणि खालापूर तालुक्यांतच. मोठ्या बँकेची परीक्षा तिने एकदा दिली, पासही झाली. पण नेमणूक विदर्भात आली आणि ती गेली नाही. याचं तिला वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं तर ती म्हणे, “तिकडं भात पिकतं, पण मला वळखनारं कोण हाय?” ओळखीची माणसं हीच तिची पुंजी होती. आता तीच माणसं पायरीवर बसली होती.

शुक्रवारी झालं ते असं. दुसरा शनिवार, रविवार आणि सोमवारची सुट्टी, असे तीन दिवस शाखा बंद राहणार होती. शाखेत रात्री किती रोकड ठेवायची याला मर्यादा असते. विमा तेवढ्याच रकमेचा उतरवलेला असतो. त्या दिवशी शाखेत मर्यादेपेक्षा बरीच जास्त रोकड जमली होती. रोखपाल ऋषिकेश म्हणाला होता, “मॅडम, लग्नसराई आहे. बोनस आला तर मंगळवारी लोक आपल्याला सोलतील. खोपोलीकडून तीन दिवसांपुरती वाढीव मर्यादा मागून घेऊ.” संध्या म्हणाली होती, “सरकारचा पैसा तारखेला येतो होय रे?” आणि जादाची रोकड कर्जतला करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटा सांभाळणाऱ्या कोठारात, पाठवून दिली होती.

आता तिजोरीत जेमतेम साडेतीन लाख होते. सिस्टिमवर कडावच्या खात्यांत जमा झालेला बोनस होता एकतीस लाखांचा.

“बोनस सगळा इथंच मागतील,” ऋषिकेश म्हणाला. त्याने ‘सांगितलं होतं ना’ असं म्हटलं नाही, आणि त्याचं ते न म्हणणं तिला जास्त टोचलं.

तिने दोघांच्या सह्यांचा चेक तयार केला, रोकड मागणीचं पत्र लिहिलं आणि बंदूकवाल्या रखवालदाराला जीप मागवायला सांगितली.

“फोनवर सांगून ठेवा ना,” ऋषिकेश म्हणाला. “मी जातो घेऊन.”

“फोनवर माणूस पटकन नाय म्हणतो. समोर म्हणायला जड जातं. मीच जाते. तू वाटत राहा. लहान रकमा आधी घे.”

ती जीपमध्ये बसली आणि तेवढ्यात ऋषिकेशने एक चूक केली. चूक भल्या हेतूने केली होती. म्हाताऱ्या माणसांना उन्हात उगाच उभं राहायला नको म्हणून त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आज रोख मर्यादित आहे’, आणि तो दारावर चिकटवला.

कागदाचा फोटो काढायला कितीसा वेळ लागतो? किराणा दुकानदार हिरामणने तो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘कडावची बँक गेली का?’ प्रश्नचिन्ह त्याने टाकलं होतं, हे तो नंतर सगळ्यांना दाखवत फिरला. पण पुढे पाठवणाऱ्यांनी ते गाळलं होतं.

*

कर्जतच्या मोठ्या बँकेच्या मागच्या बाजूला चेस्टचं दार होतं. आधी जाळीचा दरवाजा, मग वही, मग दुसरा जाळीचा दरवाजा. एक बंद झाल्याशिवाय दुसरा उघडत नसे. चेस्टची प्रमुख सफुरा बुबेरे. चष्मा कपाळावर, कुर्त्याच्या बाह्या दुमडलेल्या. नोटा मोजायच्या यंत्रांच्या आवाजात तिला मोठ्याने बोलायची सवय लागली होती आणि ती घरीही तशीच बोलते असं तिची सासू झिनत सांगे.

“शुक्रवारी आणून दिले, मंगळवारी परत नेता?” सफुरा म्हणाली. “आमच्याकडे काय पाळणाघर आहे?”

“तीस लाख पाहिजेत, मॅडम. आत्ता.”

सफुराने पत्र वाचलं, चेक पाहिला आणि संगणकाकडे वळली. “तुमच्या खात्यात चार लाख आहेत.”

संध्याला हेच वाटलं होतं. बोनस ज्या वाटेने येतो ती तिला तोंडपाठ होती. सरकारचं खातं रिझर्व्ह बँकेत. तिथून रक्कम निघाली की मोठमोठ्या बँकांची जी खाती रिझर्व्ह बँकेत आहेत त्यांत ती पडते. उल्हास खोरेसारख्या लहान बँकेचं तिथे खातं नाही. ती या मोठ्या बँकेच्या आधाराने व्यवहार करते. त्यामुळे बोनस या मोठ्या बँकेच्या नावावर आला आणि तिच्या मुंबईच्या ऑफिसातून उल्हास खोरेच्या खात्यात जमा झाला. पण ते खातं देण्याघेण्याच्या हिशेबाचं. नोटा काढायचं कर्जतचं खातं वेगळं, आणि त्यात चार लाख.

“मॅडम, पैसे तुमच्याच बँकेत आहेत. त्या खात्यात आहेत, ह्या खात्यात नाहीत, एवढंच. तासाभरात आमचे लोक वळवतील. तोवर नोटा द्या. माझ्या शाखेबाहेर माणसं उभी आहेत.”

“आत तिजोरीत किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे?”

“नाही.”

“मलाही सांगायला मनाई आहे. पण त्यातली एकही नोट माझी नाही. आमच्या बँकेचीही नाही.” सफुराने चष्मा खाली ओढला. “रिझर्व्ह बँकेच्या नोटा आम्ही सांभाळतो. आज तीस लाख बाहेर काढले की आमच्या बँकेच्या तिथल्या खात्यातून तीस लाख वजा. संध्याकाळी हे कळवावंच लागतं. चुकीचं कळवलं तर दंड. मग आमची बँक मला विचारणार, बुबेरे, कोणाच्या खात्याला नावे टाकले? मी काय सांगू? कडावच्या ताई रडवेल्या झाल्या होत्या म्हणून?”

“मी रडवेली झालेली नाही.”

“नाही झालात, ते बरं आहे,” सफुरा म्हणाली. “खात्यात पैसे आणा. माझी माणसं बंडलं काढून ठेवतील. खात्यात रक्कम दिसली की गाडी लगेच सुटेल. हे मी करू शकते.”

संध्याने खोपोलीला हर्षदला फोन लावला. मुख्य कार्यालयात पैशांची जुळवाजुळव हर्षद बघे. हुशार माणूस, पण घाबरट. कर्जतच्या कॉलेजात तो तिच्या वर्गात होता आणि तिच्याच नोट्स वाचून पास झाला होता.

“हर्षद, कर्जतच्या खात्यात तीस लाख वळव.”

“संध्या, आज चेकचं क्लिअरिंग आहे. आपल्यावर किती चेक येतात ते दुपारी कळणार. त्याच खात्यातून द्यायचे आहेत. कमी पडले तर काय होईल माहितीये? मग खरंच बुडालो. दुपारनंतर बघू.”

“दुपारनंतर बघायला शाखा उरणार नाय.”

“तुझी एकटीचीच शाखा नाहीये. चौकची, वावोशीची, सगळ्या शाखा फोन करतायत.”

“त्या खात्यात आपल्या कडावचा बोनस किती आला? मी सांगते. एकतीस लाख. ते चेकवाल्यांचे नायत. ते परवापर्यंत त्या खात्यात नव्हतेच. तेवढेच हलव. तुझं क्लिअरिंग शुक्रवारी जिथं होतं तिथंच राहतं.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“आणि तरीही कमी पडलं तर?”

“पडलं तर बँक दोन वाजता पडेल. पडली तर माझ्यामुळं. पण तू आत्ता हलवले नायस तर बारा वाजताच पडेल. आणि ती तुझ्यामुळं.”

“तू कॉलेजातही अशीच होतीस,” हर्षद म्हणाला.

“पास झालास ना?”

ती बाकावर बसून राहिली. समोर काचेपलीकडे यंत्रं नोटा गिळत होती आणि ओकत होती, चांगल्या एकीकडे, मळक्या दुसरीकडे. मळक्या नोटांचे गठ्ठे बांधून बाजूला लावत होते. त्या रिझर्व्ह बँकेकडे परत जाऊन तिथे नष्ट व्हायच्या होत्या. मोबाइलवर ऋषिकेशचा मेसेज आला. हिरामणने काढलेला फोटो त्याने पाठवला होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘माझी चूक. कागद काढलाय. पण उशीर झाला.’

सफुराने हात वर केला. पैसे आले होते.

“शंभराच्या थोड्या जास्त घाला, मॅडम,” संध्या म्हणाली.

“शंभराच्या, यंत्रातून तपासून निघाल्यात तेवढ्या देते. न तपासलेल्या द्यायला सांगू नका. पाचशेच्या कोऱ्या आहेत.” पेटीवर सील पडलं तेव्हा सफुरा म्हणाली, “पुढच्या वेळी आदल्या दिवशी कळवा हो. शत्रू असल्यासारखं अचानक येता.”

*

जीप परतली तेव्हा रांग पानटपरीच्याही पुढे गेली होती. बोनसवाले तर होतेच. पण आता ज्यांना बोनस नव्हता तेही आले होते. बचत काढायला, ठेव मोडायला. पेटी आत जाताना गर्दीने वाट दिली, पण आवाज कमी झाला नाही.

“एकच पेटी हाय.”

“तेवढी पुढच्यांनाच पुरंल.”

“आमी मागं हाव ना रं, आमी काय करायचं?”

पुढे आला प्रवीण, भातगिरणीचा मालक. त्याची पंचवीस लाखांची ठेव होती. शाखेतली सगळ्यांत मोठी. तो थेट तिच्या केबिनमध्ये आला आणि उभाच राहिला.

“संध्याताई, वाईट वाटून घेऊ नका. ठेव मोडायची.”

“रोख पायजे?”

“रोख घेऊन मी काय उशाला घेऊ? माझ्या कर्जतच्या खात्यावर टाका. दुसऱ्या बँकेत.”

तिला क्षणभर सफुराचं ‘खात्यात पैसे आणा’ हे वाक्य आठवलं. नोटांचा प्रश्न तिने सोडवला होता. पण हे पैसे नोटा न होताच जातील. हर्षदच्या त्याच खात्यातून निघतील, मोठ्या बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेच्या वहीत एका बँकेच्या नावावरून दुसऱ्या बँकेच्या नावावर चढतील. खोपोलीत हर्षदला आत्ता घाम फुटलेला असेल. उद्या या म्हणावं, सही जुळत नाही म्हणावं, सिस्टिम बंद आहे म्हणावं, असं सगळं तिला करता आलं असतं. तिच्या जागी बसलेल्या माणसांनी हे केलेलं तिने पाहिलं होतं.

“सही करा,” ती म्हणाली. “मुदतीआधी मोडताय, व्याज कमी बसंल.”

“कितीनं कमी?”

तिने सांगितलं. प्रवीणने तोंड वाकडं केलं आणि सही केली. ती फोनवर हर्षदशी चार शब्द बोलली. ते चार शब्द काय होते हे तिने कुणालाच सांगितलं नाही. प्रवीण तिथेच खुर्चीत बसून राहिला. थोड्या वेळाने त्याचा मोबाइल वाजला. पैसे पोचले होते. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

“झालं पण?”

“झालं.”

तो उठला, पण गेला नाही. बाहेर येऊन खांबाला टेकून उभा राहिला. आपण काय केलं हे त्याला नीटसं कळेना, असा त्याचा चेहरा होता.

याच वेळी रांग मोडून भागूबाई काउंटरला येऊन भिडली. भागूबाई ठाकुरवाडीकडची, आता कडावात मुलीकडे राहणारी. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती.

“ए म्हातारे, रांगेत ये,” मागून आवाज आला.

“मला पैसं काढायचं नायत! माजं पैसं उंदरांनी खाल्लंत!”

तिने पिशवीतून पाचशेच्या दोन नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. एकीचा कोपरा कुरतडलेला. दुसरीची एक बाजूच नव्हती.

ऋषिकेश घामाघूम झाला होता. “आजी, आज नको. उद्या या.”

संध्या केबिनच्या दारात होती. रांगेतली सगळी डोकी तिच्याकडे वळली. ‘उद्या या’ हा शब्द या गर्दीत काय करील ते तिला कळलं.

“उद्या कशाला? आण इकडं,” ती म्हणाली आणि ड्रॉवरमधून चौकोन आखलेला पारदर्शक कागद काढला. तो पहिल्या नोटेवर ठेवून तिने उरलेले चौकोन मोजले. मग पुन्हा मोजले. मागची माणसं माना उंचावून बघत होती.

“ही ऐंशी टक्क्यांहून जास्त हाय. पूर्ण पाचशे.” तिने दुसरी घेतली. “ही तेवढी नाय. निम्म्याच्या वर हाय. ह्याचे अडीचशे.”

“अडीचशे? आन् बाकीचं?”

“उंदराकडं.”

रांगेत कुणीतरी हसलं. भागूबाई हसली नाही.

“तुज्या बापाला मी वळखते. तो असता तर पुरं दिलं असतं.”

“बाप फिटर होता, बँकेत नव्हता. नियम हाय, भागूआजी. ऐंशीच्या वर पुरे, चाळीस ते ऐंशी निम्मे, त्याच्या खाली काय नाय. मी जास्त दिले तर रिझर्व्ह बँक ते मला परत करणार नाय. माज्या बँकेच्या खिशातनं जातील.”

“मग जाऊ दे ना बँकेच्या खिशातनं! आता नायतरी बुडतेच हाय!”

“बुडत असती तरी दिले नसते.”

“आगं, अडीचशे रुपयं गं!”

“अडीचशेच.”

“उंदरालाच जाऊन विचारते मग!”

आता बरेच हसले. पण रांगेच्या मधोमध उभी असलेली सोनुबाई हसली नाही. ती मजुरी करून खाणारी बाई, बोनस नसलेली, स्वतःची बचत काढायला आलेली. ती कमरेवर हात ठेवून जोरात म्हणाली, “मला येक सांगा. बुडणारी बँक अडीचशेसाटी इतकं भांडंल का? बुडायचं असंल त्यानं गप देऊन टाकलं असतं.”

मग मागून एक जण म्हणाला, “बात तर खरी हाय.”

“पण सरकारनं पैसं टाकलं म्हनतात, तर इतकं थांबायचं का?” दुसऱ्याने विचारलं.

“पैसे आले ते वहीत आले, मामा,” संध्या म्हणाली. “सरकारचं खातं रिझर्व्ह बँकेत, तिकडनं आमच्या नावावर आले. मेसेज खोटा नव्हता. पण वहीतला पैसा कागदाचा करायला कर्जतला जावं लागतं. नोटा तिकडं असतात. त्या मी शुक्रवारी परत दिल्या होत्या, आज पुन्हा आणल्या. माझा अंदाज चुकला. पैसे चुकले नायत.”

“म्हंजे तुजी चूक?”

“माजी.”

“मग कागद कशाला लावला व्हता?” हिरामण मागून म्हणाला.

“तू फोटो कशाला काढला व्हतास?” सोनुबाईने वळून विचारलं, आणि हिरामण आपल्या मोबाइलमधलं प्रश्नचिन्ह दाखवू लागला.

बचत काढायला आलेल्यांपैकी काही जण निघून गेले. सगळे नव्हे. बोनसवाले थांबले, कारण त्यांना बँडवाल्याला, मांडववाल्याला आणि आचाऱ्याला पैसे द्यायचे होते आणि त्या तिघांनाही उधारी चालत नव्हती. ऋषिकेशच्या यंत्राची घरघर चालू राहिली. सोनुबाईने तिच्या बचतीतले फक्त हजार काढले. “आलेच हाय तर,” ती म्हणाली.

शाखा बंद व्हायच्या वेळी पेटीत दोन लाखांच्या आसपास उरले होते. दाराशी कुणी नव्हतं. हर्षदचा मेसेज होता, ‘क्लिअरिंग झालं. वाचलो. पुन्हा असं करू नकोस.’

*

पुढच्या आठवड्यात लग्नं लागली. बँडवाला इद्रिस कोऱ्या पाचशेच्या नोटा भरायला आला. मांडववाला आला. हिरामण दुकानाचा गल्ला घेऊन आला आणि काउंटरवर जरा जास्तच हळू आवाजात बोलला. मंगळवारी कर्जतहून आलेली बंडलं गावात फिरून सुटी होऊन परत येत होती. शुक्रवारी शाखेतली रोकड पुन्हा मर्यादेच्या वर गेली.

प्रवीण आला तो दुपारी.

“संध्याताई, तिकडची बँक व्याज कमी देते हो.”

“मला ठाऊक हाय.”

“पंधरा परत टाकतो म्हणतो. दहा तिकडं ठेवतो. दोन्हीकडं असलेले बरे.”

“बरे,” ती म्हणाली आणि फॉर्म पुढे केला. त्याला तिने एक शब्दही सुनावला नाही. पण मुदतीआधी मोडलेल्या ठेवीचं कापलेलं व्याज भरून द्या असं तो म्हणाला, तेव्हा तिने नाही म्हटलं.

तो गेल्यावर ऋषिकेशने विचारलं, “जादाची रोकड कर्जतला पाठवायची?”

“मर्यादा हाय, पाठवायचीच.” तिने टेबलावरचा दुसरा कागद उचलून त्याच्याकडे दिला. मंगळवारसाठी रोकड मागणीचं पत्र होतं ते, सही-शिक्क्यासकट. “पेटीबरोबर हेही पाठव. बुबेरे मॅडमना हातात द्यायला सांग. आणि खोपोलीला फोन लाव. हर्षदला म्हणावं, कर्जतच्या खात्यात सोमवारीच पैसे पाहिजेत.”

“पुन्हा बोनस आहे का?”

“नाय. पण सरकारवर आता भरवसा नाय राहिला. कदाचित पुन्हा वेळेवर देईल.”